अमेरिकेच्या व्हिसाची तारीख, फी आणि केंद्रावर न्यायचे कागद

औंढा नागनाथच्या बाजारपेठेतून अमेरिकेला जाणारे लोक पूर्वी बोटांवर मोजण्याइतके होते. आता तशी परिस्थिती राहिलेली नाही. कुणाची मुलगी न्यू जर्सीत आहे, कुणाचा मुलगा टेक्सासमध्ये संगणकाच्या नोकरीत आहे, तर कुणा कारागिराला तिथल्या प्रदर्शनाचे निमंत्रण येते. व्हिसा मिळणार की नाही हे वकिलातीतील अधिकारी ठरवतो आणि त्यावर आपला इलाज नाही. पण आमच्या पाहण्यात असे कितीतरी लोक आहेत, ज्यांना अधिकाऱ्यापर्यंत पोहोचताच आले नाही. कागदावरचा एक आकडा जुळला नाही, म्हणून ते केंद्राच्या दारातूनच परत आले. रेल्वेचे भाडे गेले, दुकान दोन दिवस बंद राहिले आणि महिनोन् महिने वाट पाहून मिळालेली तारीखही गेली. म्हणून मुलाखतीत काय बोलावे हा विषय बाजूला ठेवून, त्या दारापर्यंतचा हिसाब आज आम्ही मांडत आहोत.

भेटीचा आणि व्यापारी कामाचा जो व्हिसा असतो त्याला बी-१/बी-२ म्हणतात. बी-१ वर खरेदीदाराला भेटता येते, सौदा ठरवता येतो आणि प्रदर्शनात आपला माल मांडून ऑर्डर घेता येते. परंतु तिथे बसून रोखीने माल विकता येत नाही. हे आमच्या कारागीर बंधूंनी आधीच समजून घ्यावे. बी-२ हा नातेवाइकांच्या भेटीचा किंवा सहलीचा. सामान्यतः दोन्ही एकत्रच दिले जातात.

या कामात एकमेकांत गुंतलेल्या तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे DS-160 नावाचा अर्ज. दुसरी म्हणजे भरलेली फी. तिसरी म्हणजे ठरलेली वेळ. बाजारातील भाषेत सांगायचे तर अर्ज म्हणजे बिल, फी म्हणजे पावती आणि वेळ म्हणजे डिलिव्हरीचे चलन. बिलाचा नंबर चलनावर बरोबर नसेल, तर गोदामवाला माल सोडत नाही. इथेही तसेच आहे.

अर्ज आणि त्याचा नंबर

अर्ज ceac.state.gov या सरकारी संकेतस्थळावर भरला जातो. तो भरण्याचे पैसे पडत नाहीत. या अर्जासाठीच कुणी पैसे मागत असेल तर तो त्याची मजुरी मागत आहे, सरकारची फी नव्हे. सुरुवातीलाच कोणत्या शहरात मुलाखत द्यायची ते निवडावे लागते. महाराष्ट्र मुंबईच्या वकिलातीकडे येतो, म्हणून बहुतेक लोक मुंबई लिहितात. पण आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हैदराबादही जवळचे आहे आणि तिथेही अमेरिकन वकिलात आहे. भारतात राहणाऱ्याला भारतातील कोणत्याही वकिलातीत वेळ घेता येते. तेव्हा दोन्हीकडची प्रतीक्षा किती आहे ते आधी पाहावे, शहर ठरवावे आणि मगच अर्जाला हात घालावा. वीस मिनिटे काही न लिहिता पान उघडे ठेवले तर ते बंद होते. त्यामुळे पान उघडताच वर जो अर्जाचा नंबर दिसतो तो आणि सुरक्षा प्रश्नाचे उत्तर वहीत उतरवून ठेवावे. अर्धा भरलेला अर्ज त्यांच्याच आधारे पुन्हा उघडता येतो.

हा नंबर AA00 ने सुरू होतो. त्यातील शेवटची दोन चिन्हे शून्ये आहेत, इंग्रजी ओ हे अक्षर नाही. पुढेही अक्षरे आणि आकडे मिसळलेले असतात. ऐकून किंवा मोबाइलवरच्या अंधुक फोटोवरून नंबर उतरवला की चूक होते. तो पडद्यावरून तसाच्या तसा उचलून चिकटवावा.

अर्जात सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो, आणि तो आपल्याकडेच जास्त होतो. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे शेख हा शब्द एकाच रीतीने लिहिला जाई. मराठीतही तो एकच आहे. रोमन लिपीत मात्र एकाच घरात Shaikh, Sheikh आणि Shaik अशी तीन रूपे सापडतात; मोहम्मदची तर Mohammed, Mohammad, Mohd आणि Md अशी चार. आधारवर एक, दाखल्यावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. अर्ज भरताना आधार आणि दाखला कपाटात ठेवावा आणि फक्त पासपोर्ट समोर घ्यावा. पासपोर्टवर जे अक्षर आहे तेच अर्जात, मग ते आपल्याला चुकीचे वाटत असले तरी. ते दुरुस्त करायचे असेल तर आधी पासपोर्टच दुरुस्त करून घ्यावा.

दुसरी अडचण आडनावाची. आमच्या घरांतील अनेक स्त्रियांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असते आणि संपूर्ण नाव ‘दिलेले नाव’ या रकान्यात असते. समजा पासपोर्टवर फक्त NASEEM BEGUM आहे आणि आडनाव नाही. अमेरिकेच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. अशा वेळी आडनावाच्या जागी NASEEM BEGUM लिहायचे आणि दिलेल्या नावाच्या जागी FNU ही तीन अक्षरे लिहायची. त्यांचा अर्थ इतकाच की दिलेले नाव उपलब्ध नाही. पुष्कळ एजंट तिथे पतीचे आडनाव टाकून मोकळे होतात. ते पासपोर्टशी जुळत नाही. एकेरी नावाच्या पासपोर्टची अडचण फक्त अमेरिकेचीच नाही. संयुक्त अरब अमिरातीनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये भेटीच्या व्हिसावर अशा प्रवाशांना प्रवेश नाकारण्याचा नियम लागू केला. तेव्हा ज्यांचा पासपोर्ट नूतनीकरणाला आला आहे त्यांनी तेव्हाच आडनाव घालून घेतलेले बरे.

अर्जात गेल्या पाच वर्षांत कोणकोणत्या देशांत गेलात असा प्रश्न असतो. त्यात उमरा, हज, दुबई, मस्कत सर्व येते. ते लपवण्यासारखे काही नाही, आणि पासपोर्टवर शिक्के असताना लपवून उपयोगही नाही. पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावेही विचारली जातात.

फोटोबद्दल थोडे. तो दोन इंच बाय दोन इंच चौकोनी, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा आणि सहा महिन्यांच्या आतला लागतो. १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालत नाही. धार्मिक कारणाने रोज वापरली जाणारी टोपी किंवा ओढणी चालते, मात्र संपूर्ण चेहरा दिसला पाहिजे आणि कापडाची सावली चेहऱ्यावर पडता कामा नये. आपल्याकडचा स्टुडिओवाला सवयीने पासपोर्ट साइज उभा फोटो देतो. त्याला चौकोनी हवा असे सांगावेच लागते. फोटो अर्जात नीट चढला नाही, तर शेवटी जे पुष्टीपत्र निघते त्यावर फोटोच्या जागी फुली दिसते. अशा वेळी छापील फोटो बरोबर नेणे आवश्यक असते. आम्ही तर फुली नसली तरी प्रत्येकाचे दोन फोटो पाकिटात ठेवायला सांगतो.

सर्व भरून झाल्यावर सही करून अर्ज पाठवला की तो गोठतो. त्यात नंतर एक अक्षरही बदलता येत नाही. चूक आढळली तर नवा अर्ज करावा लागतो. जुन्यातील मजकूर त्यात आणता येतो, त्यामुळे मेहनत फार नाही. पण नव्या अर्जाला नंबरही नवा मिळतो, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. ती पुढे एका उदाहरणात येईल.

फी

भेटीच्या व्हिसाची फी माणशी १८५ डॉलर आहे. १७ जून २०२३ पूर्वी ती १६० डॉलर होती. रुपयांत किती भरायचे ते वकिलात आपल्या दराने ठरवते आणि तो दर बाजारभावाइतकाच असेल असे नाही. समजा तो दर ९० रुपये धरला, तर एका माणसाचे १६,६५० आणि नवरा-बायकोचे ३३,३०० रुपये होतात. ही फी परत मिळत नाही. व्हिसा नाकारला तरी नाही, आपण गेलो नाही तरी नाही. एकाची फी दुसऱ्याच्या नावावर वळवताही येत नाही.

फी भरण्यासाठी आणि वेळ घेण्यासाठी usvisascheduling.com हे पोर्टल आहे. याच्या नावात सरकारी खूण नाही, म्हणून नावाने मिळतीजुळती दुसरी पाने लोकांना फसवतात. खातरजमेचा सोपा मार्ग असा की in.usembassy.gov हे वकिलातीचे सरकारी पान उघडावे आणि तिथे दिलेल्या दुव्यावरूनच पोर्टलवर जावे. पोर्टल पैसे भरण्याचे जे मार्ग दाखवते त्यांतीलच एक वापरावा. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा मोबाइल नंबरवर व्हिसाची फी कधीही जात नाही.

खात्यातून पैसे कापले गेले आणि पोर्टलवर पावती दिसत नाही, असे होऊ शकते. अशा वेळी घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. बँकेचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवावा, एक-दोन कामाचे दिवस थांबावे आणि तरीही पावती दिसली नाही तर पोर्टलवरूनच तो क्रमांक देऊन तक्रार नोंदवावी.

पावती निघाल्यापासून ३६५ दिवसांत मुलाखतीची वेळ नोंदवावी लागते. इथे लोकांचा गैरसमज होतो. मुलाखत वर्षाच्या आत झाली पाहिजे असे नाही. वेळ नोंदवण्याचे काम वर्षाच्या आत झाले पाहिजे. परंतु वर्ष गेले आणि नोंद नाही, तर पैसे बुडाले. म्हणून ज्याचा जाण्याचा बेत अजून ठरलेला नाही त्याने फी भरून ठेवण्याची घाई करू नये. मुंबई, हैदराबाद, दिल्ली वगैरे ठिकाणी साधारण किती प्रतीक्षा आहे ते travel.state.gov वर एक पैसाही न भरता पाहता येते.

तारीख मिळवणे

एका माणसाला दोन वेळा घ्याव्या लागतात. पहिली व्हिसा अर्ज केंद्राची, जिला पोर्टलवर OFC किंवा VAC म्हटले जाते. तिथे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. दुसरी वकिलातीतील मुलाखतीची. केंद्राचे काम मुलाखतीच्या आधीच्या दिवसापर्यंत झालेले असले पाहिजे. वकिलात आणि केंद्र ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. मुंबईची वकिलात २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. त्यापूर्वी ती ब्रीच कँडीला होती आणि आमच्या वयाच्या लोकांच्या तोंडी अजून तेच नाव येते. केंद्रांच्या जागा तर मधूनमधून बदलतात. म्हणून शेजारी दोन वर्षांपूर्वी कुठे गेला होता ते न विचारता आपल्या वेळेच्या कागदावर जो पत्ता छापला आहे तिथेच जावे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला मुंबईत हजार दिवसांच्या आसपास प्रतीक्षा दाखवत होते. नंतर ती पुष्कळ कमी झाली, तरी ती महिन्यांतच मोजावी लागते आणि वर-खाली होत राहते. तारखा एकदम सुटतात आणि थोड्याच वेळात संपतात. मिळेल ती पहिली तारीख घेऊन ठेवावी आणि अधूनमधून लवकरची आहे का ते पाहावे, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जात असे. १ जानेवारी २०२५ पासून हिसाब बदलला. आता एकदाच तारीख फुकट बदलता येते. दुसऱ्यांदा बदलायची असेल किंवा नेमलेल्या तारखेला गेला नाहीत, तर नव्याने फी भरून नवी वेळ घ्यावी लागते. म्हणजे चार दिवस लवकर मिळतात म्हणून ती एक संधी खर्च करणे शहाणपणाचे नाही. लग्न, बाळंतपण किंवा प्रदर्शन यांच्यासाठी तारीख दोन-तीन महिने अलीकडे येत असेल तरच ती वापरावी. पोर्टल दिवसभर पुन्हा पुन्हा उघडून पाहिले तर खाते काही काळ बंद पडते, हेही ध्यानात ठेवावे.

इथेच दलाल येतो. ‘खात्याचा पासवर्ड द्या, पंधरा दिवसांत तारीख काढून देतो’ असे तो म्हणतो. हे लोक संगणकाच्या यंत्रणा लावून तारखा धरतात. मार्च २०२५ मध्ये भारतातील अमेरिकन दूतावासाने अशा यंत्रणांनी घेतलेल्या सुमारे २,००० वेळा रद्द केल्या आणि त्या खात्यांच्या वेळ घेण्याच्या सवलती थांबवल्या. नुकसान कुणाचे झाले? ज्याचे नाव खात्यावर होते त्याचे. शिवाय दलालाच्या हातात पासवर्ड असला की तो आपल्याला न विचारता तारीख बदलतो, आणि आपली एकच फुकट संधी त्याच्या प्रयोगात संपते. अर्ज भरायला जाणकाराची मदत जरूर घ्यावी, त्याची मजुरीही द्यावी. पण खाते आपल्याच ईमेलवर, पासवर्ड आपल्याच वहीत.

नवरा-बायको दोघे जाणार असतील तर दोघांना एकाच खात्यात जोडावे. अर्ज प्रत्येकाचा वेगळा, फी प्रत्येकाची वेगळी, पण वेळ दोघांना एकत्र मिळते. दोन खाती उघडली तर एकाला मंगळवार आणि दुसऱ्याला पुढच्या महिन्याचा गुरुवार, असे व्हायला वेळ लागत नाही. वृद्धांना पूर्वी मुलाखतीतून सूट मिळत असे. २ सप्टेंबर २०२५ पासून ऐंशीच्या पुढच्या आई-वडिलांना आणि चौदा वर्षांखालील मुलांनाही सर्वसाधारणपणे मुलाखतीला यावे लागते. त्यांच्या प्रवासाची सोय लक्षात घेऊनच शहर निवडावे.

एक उदाहरण

आमच्या भागातील एक कापड व्यापारी आणि त्यांच्या बेगमसाहेबा मुलीकडे जाण्यासाठी अर्ज करतात असे धरू. पतीच्या पासपोर्टवर आडनाव SHAIKH आहे. पत्नीच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी आहे. अर्ज भरणाऱ्याने पत्नीच्या अर्जात SHAIKH हे आडनाव टाकले आणि अर्ज पाठवून दिला. दोघांची फी भरली. पोर्टलवर दोघांचे अर्ज-नंबर टाकून मुंबईची वेळ घेतली: केंद्र सोमवारी दुपारी, मुलाखत मंगळवारी सकाळी. ही जोडी उत्तम आहे, कारण परभणीहून रविवारी रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडली की सोमवारी सकाळी मुंबई येते आणि एकाच फेरीत दोन्ही कामे होतात. केंद्राची वेळ दुपारची घेतली हेही बरे केले. सकाळी आठची घेतली असती आणि गाडी दोन तास उशिरा आली असती, तर पहिल्याच पायरीवर फसगत झाली असती.

जाण्याच्या दोन आठवडे आधी मुलीने फोनवर कागद पाहिले आणि आईच्या नावाची चूक पकडली. लगेच नवा अर्ज भरला गेला. NASEEM BEGUM आडनावाच्या जागी, FNU नावाच्या जागी, अगदी नियमाप्रमाणे. नवे पुष्टीपत्र छापले, जुने फाडून टाकले आणि सर्वजण निश्चिंत झाले.

निश्चिंत होण्यासारखे मात्र काही झालेले नव्हते. पोर्टलवर वेळ घेताना पत्नीचा जुना अर्ज-नंबर दिला होता. वेळेच्या कागदावर अजून तोच जुना नंबर आणि तेच जुने नाव छापलेले आहे. केंद्राच्या दारात बसलेला माणूस दोन कागद शेजारी ठेवतो आणि नंबर जुळवतो. जुळला नाही की तो आत सोडत नाही. त्याला अर्ज कसा भरला, कुणी चूक केली यात रस नसतो आणि बदल करण्याचा अधिकारही नसतो. सोमवारी केंद्र हुकले म्हणजे मंगळवारची मुलाखतही हुकली.

उपाय साधा आहे, पण तो घरून निघण्यापूर्वी करावा लागतो. पोर्टलवर जाऊन पत्नीच्या माहितीत नवा अर्ज-नंबर आणि पासपोर्टप्रमाणे नाव घालायचे. वेळ नोंदवल्यानंतर तो रकाना बदलू देत नसेल, तर पोर्टलवरच्या मदत विभागाला जुना नंबर, नवा नंबर आणि पासपोर्ट नंबर लिहून बदल मागायचा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून केंद्राच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी हे झाले पाहिजे. बदल झाला असे कळले तरी तेवढ्यावर विसंबू नये. वेळेचा कागद पुन्हा नव्याने छापावा आणि त्यावर नवा नंबर आला आहे की नाही ते स्वतः पाहावे. जुना छापील कागद हातात असेल तर पोर्टलवर झालेला बदल त्यावर आपोआप उमटत नाही.

असाच घोळ पासपोर्ट बदलल्यावर होतो. वेळ घेतली जुन्या पासपोर्टवर, मध्ये त्याचे नूतनीकरण झाले आणि नंबर बदलला. तेव्हाही अर्ज नवा, पोर्टलवरची माहिती नवी आणि वेळेचा कागद नवा, अशी तिन्ही कामे करावी लागतात. जुना पासपोर्टही बरोबर न्यावा.

छापील कागद

मोबाइलमध्ये सर्व आहे, मग छापायचे कशाला, असे तरुण मुले विचारतात. उत्तर असे की वकिलातीत मोबाइल नेऊ देत नाहीत आणि तो ठेवून घेण्याची सोयही तिथे नाही. मोठ्या पिशव्या, लॅपटॉप, चार्जर यांचेही तसेच. एकट्याने जाणाऱ्याने मोबाइल मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून जावे. हातात राहतो तो फक्त कागद.

केंद्रावर प्रत्येक माणसामागे तीन गोष्टी हातात असाव्यात: मूळ पासपोर्ट, DS-160 चे पुष्टीपत्र आणि वेळेचे पुष्टीपत्र. मुलाखतीलाही हेच तीन लागतात, शिवाय जुने पासपोर्ट असतील तर तेही. फीची पावती सोबत ठेवण्यास हरकत नाही. लोक पुष्कळदा भरलेला संपूर्ण अर्ज पानोपान छापून आणतात आणि पुष्टीपत्रच विसरतात. गठ्ठ्याचा तिथे उपयोग नाही. ज्या एका पानावर फोटो, उभ्या काळ्या रेघांचा बारकोड आणि AA00 चा नंबर आहे, तेच पान हवे.

ते पान साध्या ए-४ कागदावर, लेझर प्रिंटरवर छापावे. शाईच्या प्रिंटरची रेघ घामाच्या हाताने पसरते आणि यंत्राला वाचता येत नाही. मोबाइलवरून पडद्याचा फोटो काढून तो छापला तर बारकोड बारीक आणि फिका येतो. मूळ पीडीएफ काढून त्यावरूनच छापावे. घडी बारकोडवर येऊ देऊ नये आणि त्यावर टाचणी मारू नये. प्लॅस्टिकचे साधे फोल्डर पुरते. प्रत्येकाचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत, कारण खिडकीवर नवऱ्याचे पान बायकोच्या पासपोर्टबरोबर सरकवण्याचा प्रकार हमखास होतो. आणि सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात छापून झाले की त्या संगणकावर उतरवलेल्या फाइली पुसायला लावाव्यात आणि पोर्टलच्या खात्यातून बाहेर पडावे. पासपोर्टची प्रत आणि उघडे खाते दुकानात सोडून येणे म्हणजे गल्ल्याची किल्ली काउंटरवर विसरण्यासारखे आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी सतरंजीवर पासपोर्ट मध्ये आणि दोन्ही पाने दोन बाजूंना ठेवावीत. पासपोर्ट नंबर, जो एक अक्षर आणि सात आकडे असा असतो, तो वेळेच्या कागदावर बोट ठेवून जुळवावा. मग दोन्ही पानांवरचा AA00 चा नंबर एकेक चिन्ह मोठ्याने वाचून जुळवावा. एकाने वाचावे आणि दुसऱ्याने पाहावे. मग नावाचे स्पेलिंग. शेवटी दोन्ही तारखा, वेळा आणि पत्ते. आम्ही कापडाच्या गाठी उतरवून घेताना बिल असेच वाचतो. पाच मिनिटांचे काम आहे.

व्यापाऱ्याने याखेरीज जीएसटी नोंदणी, दुकानाचा परवाना, तीन वर्षांची आयकर विवरणे, बँकेचा उतारा आणि बोलावणाऱ्याचे पत्र एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे. अधिकारी पुष्कळदा ती उघडायलाही सांगत नाही. त्याने मागितली तरच द्यावी.

केंद्रावर नेमलेल्या वेळेच्या पाव तास आधी पोहोचले तरी चालते; त्याहून लवकर गेल्यास बाहेरच उभे राहावे लागते. ठसे घेण्यापूर्वी हातावरची मेंदी आणि मशीनवर काम करणाऱ्या कारागिरांची बोटे यांचा विचार करावा. बोटांच्या टोकांवर ताजा काप, फोड किंवा चिकटपट्टी असेल तर ठसा नीट उमटत नाही आणि पुन्हा बोलावले जाऊ शकते. त्या आठवड्यात कात्री आणि सुई जपून वापरलेली बरी.

मुलाखत संपली आणि व्हिसा मंजूर झाला, तर पासपोर्ट वकिलात ठेवून घेते आणि तो नंतर केंद्रावर येतो. १ ऑगस्ट २०२५ पासून तो ज्याचा त्यानेच जाऊन घ्यावा लागतो. मुंबईतील भाच्याला किंवा एजंटाला चिठ्ठी देऊन आणवता येत नाही. औंढ्याच्या माणसाला त्यासाठी आणखी एक मुंबईची फेरी पडते. ती टाळायची असेल तर पोर्टलवर घरपोच पाठवण्याचा पर्याय निवडावा. त्याचे माणशी १,२०० रुपये पडतात. पत्ता लिहिताना औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली असे पूर्ण लिहावे, बरोबर पिनकोड घालावा आणि दिवसा लागणारा मोबाइल नंबर द्यावा.